ड्युरेशनचं उत्तर २.५९ ऐवजी २.४७ येतंय? चूक शेवटच्या भागाकारात आहे

काल रात्री तू पाठवलेला वहीचा फोटो पाहिला. सहा ओळींचा तक्ता, खाली दोन रेघा मारून २.४७, आणि बाजूला मोठं प्रश्नचिन्ह, कारण उत्तरांच्या पानावर २.५९ आहे. खाली तू लिहिलंस, "छापण्यात चूक असेल." छापण्यात चूक नाही. तुझा तक्ता एकदम बरोबर आहे, किंमत बरोबर आहे, बिघाड फक्त शेवटच्या ओळीत आहे. आणि तो तुझ्या एकट्याचा नाही. या सेमिस्टरला हाच बिघाड मी आपल्या ग्रुपमधल्या पाच-सहा वह्यांमध्ये दुरुस्त केला आहे, आणि त्याच्या आधी दोनदा माझ्याच वहीत. म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. उद्या दुसऱ्या कोणाचं उत्तर अडलं तर हेच पुढे पाठव.

आधी प्रश्न समोर ठेवू. एका बाँडची दर्शनी किंमत १०० रुपये, वार्षिक कूपन ८ टक्के पण दर सहा महिन्यांनी मिळणारं, मुदत ३ वर्षं, यील्ड वार्षिक १० टक्के, सहामाही चक्रवाढीने. मॉडिफाइड ड्युरेशन काढा. आपल्या केंद्र सरकारचे मुदतीचे रोखे असंच सहामाही कूपन देतात, म्हणून परीक्षेत हा साचा पुन्हा पुन्हा येतो. पुस्तकातली बरीच सोडवलेली उदाहरणं मात्र वार्षिक कूपनची असतात. गडबडीचं मूळ तिथेच आहे. सवय वार्षिकची, प्रश्न सहामाहीचा.

लक्षणं

चुकीचं उत्तर कोणतं आलं यावरून बिघाड कुठे आहे ते बऱ्याचदा कळतं. या एका प्रश्नावर मी पाहिलेली उत्तरं अशी:

- ५.४३ आलं, तर मॅकॉले ड्युरेशन सहामाहींमध्ये काढून तसंच सोडून दिलं आहे.
- ५.१८ आलं, तर मॉडिफाइड काढलं, पण तेही सहामाहींमध्येच राहिलं.
- २.७२ आलं, तर मॅकॉलेवरच थांबलास. मॉडिफाइडपर्यंत पोचलाच नाहीस.
- २.५८ आलं, तर हे सगळ्यात फसवं. खरं उत्तर २.५९, त्यामुळे वाटतं की दशांश इकडेतिकडे झाला असेल. तसं नाही, खाली सांगते.
- २.४७ आलं, तर तुझी केस.

आता तपासण्या. क्रम मुद्दाम असा लावला आहे की ज्याला काहीच कष्ट नाहीत ते आधी, आणि ज्याला पंधरा मिनिटं आणि नवा कागद लागतो ते शेवटी. पहिल्या तपासणीत बिघाड सापडला तर पुढच्या करायच्या भानगडीत पडू नकोस.

पहिली तपासणी: उत्तर पट्टीच्या बाहेर तर नाही ना?

याला पाच सेकंद लागतात. एक फूटपट्टी डोळ्यांसमोर आण. तिच्यावर सारख्या अंतरावर सहा खुणा, प्रत्येक खूण म्हणजे सहा महिने. पहिल्या पाच खुणांवर एकेक लहानसा खडा आणि सहाव्या खुणेवर एक संत्रं. खडे म्हणजे चार-चार रुपयांची कूपनं, संत्रं म्हणजे शेवटचे १०४ रुपये. ही पट्टी बोटावर तोलून धरायची तर बोट कुठे ठेवशील? संत्र्याच्या अगदी जवळ, पण त्याच्या किंचित अलीकडे. ती जागा म्हणजे मॅकॉले ड्युरेशन. पैसे हातात यायची वजनदार सरासरी वेळ म्हणतात ती हीच.

आता हे बोट पट्टीच्या बाहेर जाऊ शकेल का? नाही. म्हणून कूपन देणाऱ्या साध्या बाँडचं मॅकॉले ड्युरेशन त्याच्या मुदतीपेक्षा कमीच असतं. कूपनच नसेल, म्हणजे पट्टीवर फक्त संत्रं असेल, तर बोट थेट त्याच्याखाली येतं आणि ड्युरेशन मुदतीइतकं होतं. ३ वर्षांच्या बाँडला ५.४३ वर्षं हे उत्तर येऊच शकत नाही, ५.१८ पण नाही. ते आकडे दिसले की दोनने भागायचं राहिलं, एवढंच.

ही तपासणी मोठी चूक पकडते, बारीक पकडत नाही. तुझं २.४७ इथून आरामात पार होतं. पुढे चल.

दुसरी तपासणी: विचारलंय काय?

प्रश्न पुन्हा वाच, आणि या वेळी पेन्सिलने दोन शब्दांखाली रेघ मार. पहिला शब्द, मॅकॉले की मॉडिफाइड. मॅकॉले म्हणजे वेळ, पट्टीवरची जागा. मॉडिफाइड म्हणजे संवेदनशीलता, यील्ड एक टक्क्याने हललं तर किंमत अंदाजे किती टक्के हलेल ते. दोन्ही आकडे जवळजवळ असतात आणि दोघांनाही लोक नुसतं "ड्युरेशन" म्हणतात, म्हणून घोळ होतो. कोणत्याही डेट फंडाची फॅक्टशीट उघडून बघ, दोन्ही आकडे एकाखाली एक दिलेले असतात. डेट फंडांचे शॉर्ट ड्युरेशन, मीडियम ड्युरेशन हे जे वर्ग सेबीने २०१७ मध्ये ठरवले, ते मॅकॉलेवर आहेत: शॉर्टसाठी १ ते ३ वर्षं, मीडियमसाठी ३ ते ४. पण व्याजदर हलल्यावर फंडाला किती झळ बसेल याचा हिशेब करताना मॉडिफाइड घ्यावं लागतं.

दुसरा शब्द, चक्रवाढ. "वार्षिक १० टक्के, सहामाही चक्रवाढीने" आणि "प्रभावी वार्षिक दर १० टक्के" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात सहा महिन्यांचा दर सरळ ५ टक्के. दुसऱ्यात सहा महिन्यांचा दर असा हवा की दोनदा लावला की बरोबर १० टक्के होईल, म्हणजे सुमारे ४.८८ टक्के. हे लक्षात ठेव, कारण तुझ्या २.४७ चं कोडं याच जागी सुटतं.

तिसरी तपासणी: वजनं जुळतात का?

आता कॅल्क्युलेटर काढ. प्रत्येक सहामाहीच्या पैशाची आजची किंमत ५ टक्क्यांनी काढायची. तुझ्या वहीतून उतरवते आहे, कारण हे सगळं बरोबर आहे:

```
t    रक्कम    आजची किंमत    t x आजची किंमत
1      4        3.8095         3.8095
2      4        3.6281         7.2562
3      4        3.4554        10.3661
4      4        3.2908        13.1632
5      4        3.1341        15.6705
6    104       77.6064       465.6384
---------------------------------------
              94.9243       515.9039
```

तिसऱ्या रकान्याची बेरीज म्हणजे बाँडची किंमत, ९४.९२४३. चौथ्याची बेरीज ५१५.९०३९. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की ५.४३४९ सहामाही, म्हणजे २.७१७४ वर्षं. हे मॅकॉले.

यात पाहायचं काय? की प्रत्येक ओळीचं वजन, म्हणजे तिची आजची किंमत भागिले एकूण किंमत, अशी सहाही वजनं मिळवली की बेरीज १ यायला हवी. ती १ आली नाही तर सरासरी ही सरासरीच राहत नाही. सगळ्यात जास्त वेळा होतं ते असं की कोणीतरी घाईत ९४.९२४३ ऐवजी १०० ने भागतं, कारण १०० हा आकडा प्रश्नात समोर दिसत असतो. तसं केलं की वजनांची बेरीज ०.९४९ होते आणि उत्तर येतं ५.१५९० सहामाही, म्हणजे २.५८ वर्षं.

आता गंमत बघ. हे २.५८ म्हणजे चुकीने काढलेलं मॅकॉले आहे. त्यात मॉडिफाइडची पायरीच नाही. पण खरं मॉडिफाइड २.५८८० आहे. निव्वळ योगायोगाने दोन्ही शेजारी येऊन बसले. मागच्या वर्षी मी अगदी हेच केलं होतं आणि बहुपर्यायी प्रश्नात डोळे मिटून जवळचा पर्याय निवडला. तिथे गुण मिळाला. पुढच्या प्रश्नात कूपन बदललं आणि तीच पद्धत तोंडावर आपटली. आकडा जवळ आला म्हणून रस्ता बरोबर असतोच असं नाही. उत्तर २.५८ आलं तर आधी भाजक बघायचा.

चौथी तपासणी: शेवटच्या ओळीत कशाने भागलंस?

तुझा बिघाड इथे आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

तू २.७१७४ ला १.१० ने भागलंस आणि २.४७०४ आलं. भागायचं होतं १.०५ ने, म्हणजे २.५८८०. परवा फोनवर तुझं म्हणणं होतं, "ड्युरेशन वर्षांत आणलं ना, मग दर पण वर्षाचाच घ्यायला पाहिजे." ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की मलाही ते खोडायला वेळ लागला होता. पण १.०५ हा आकडा "सहा महिन्यांची वस्तू" नाही की तिचं वर्षात रूपांतर करायला हवं. तो नुसता गुणक आहे, त्याला एकक नाही. वर्ष हे एकक ५.४३४९ ला २ ने भागलं तेव्हाच आलं. पुन्हा आणायची गरज नाही.

मग हा १.०५ येतो कुठून? सगळी बेरीज बाजूला ठेव आणि फक्त शेवटची ओळ घे. तिची आजची किंमत अशी:

```
104 / (1 + y/2)^6
```

वार्षिक यील्ड y किंचित हललं तर ही किंमत किती हलेल? डेरिव्हेटिव्ह घे. तीन गोष्टी घडतात. घातांकातला ६ खाली उतरून पुढे येतो. y च्या खाली २ आहे म्हणून त्या ६ ला २ ने भागलं जातं आणि ३ होतात. ही झाली वर्षं, त्यांचं काम इथेच संपलं. आणि तिसरी गोष्ट, छेदातला घातांक ६ चा ७ होतो:

```
-(6/2) x 104 / (1 + y/2)^7
```

छेदात ६ होते, ७ झाले. म्हणजे एकदा जास्तीचं भागलं गेलं, आणि ते कशाने? कंसात जे आहे त्याने, १ + y/2, म्हणजे १.०५ ने. पहिल्या ओळीत १ चे २ होतील, दुसऱ्यात २ चे ३, सगळीकडे तेच. सहाही ओळींत एकेक जास्तीचा १.०५ आला, म्हणून तो सामाईक बाहेर काढून शेवटी एकदाच भागतात. मॉडिफाइड ड्युरेशनची जी ओळ आपण घोकून ठेवली, ती एवढीच आहे.

जिना म्हणून बघ. तू पैसे आजच्या तारखेला आणताना सहा-सहा महिन्यांच्या पायऱ्यांनी खाली उतरवलेस, आणि प्रत्येक पायरीची उंची १.०५. मॉडिफाइडसाठी त्याच जिन्यावर अजून एक पायरी उतरायची असते. दोन पायऱ्या एकदम उतरलास तर १.०५ गुणिले १.०५, म्हणजे १.१०२५ होईल. १.१० उंचीची पायरी या जिन्यावर कुठेच नाही. तू अशा पायरीवर पाय ठेवलास जी बांधलेलीच नव्हती.

आणि आता त्या कोड्याकडे येऊ. समज प्रश्नात "प्रभावी वार्षिक दर १० टक्के" असं असतं. मग सहामाही दर ४.८८ टक्के झाला असता, जिना वेगळा झाला असता आणि वर्षाची अख्खी पायरी खरोखर १.१० ची असती. तेव्हा १.१० ने भागणं बरोबर ठरतं, कारण तिथे आपण प्रभावी वार्षिक दर हलवतो आहोत. मी ते पूर्ण करून पाहिलं. किंमत येते ९५.५१, मॅकॉले २.७१८५ आणि मॉडिफाइड २.४७. हो, तेच २.४७. म्हणून कधी कधी दुसऱ्या पुस्तकातल्या मिळत्याजुळत्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या उत्तराशी जुळेल आणि तुला वाटेल की आपण बरोबर होतो. पण तुझ्या वहीत किंमत ९४.९२ आहे. म्हणजे किंमत काढताना तू एक वाक्य वाचलंस आणि भागताना दुसरं. अर्धा हिशेब सहामाहीचा, अर्धा वार्षिकचा. परीक्षक पायऱ्या पाहून गुण देत असेल तर नेमकी हीच जागा त्याच्या नजरेत येईल.

थोडक्यात ओळखायची खूण अशी: किंमत काढताना प्रत्येक पायरीला ज्या आकड्याने भागलंस, शेवटी त्याच आकड्याने एकदा भाग. तिमाही कूपन आणि ८ टक्के दर असेल तर १.०२, वार्षिक कूपन असेल तर १.०८. डोकं लावायची गरज नाही, वहीच्या वरच्या ओळीत तो आकडा आधीच लिहिलेला असतो.

पाचवी तपासणी: बाँडची किंमतच पुन्हा काढ

चौथ्या तपासणीनंतरही पटत नसेल तर ही शेवटची. मेहनत आहे, पण इथे वाद उरत नाही, कारण कोणतंच सूत्र वापरायचं नाही. मॉडिफाइड ड्युरेशन म्हणजे किंमत हलण्याचं प्रमाण ना? मग यील्ड खरंच हलवून पाहू.

यील्ड ९ टक्के केलं, म्हणजे सहामाहीला ४.५. किंमत ९७.४२११. यील्ड ११ टक्के केलं, सहामाहीला ५.५. किंमत ९२.५०६७. दोन्हींतला फरक ४.९१४४. हा फरक एकूण २ टक्के अंतरावर पडला, म्हणून त्याला ०.०२ गुणिले मूळ किंमत ९४.९२४३, म्हणजे १.८९८५ ने भागायचं. उत्तर २.५८८६.

सूत्राने आलं होतं २.५८८०. तुझं २.४७ याच्या आसपासही नाही आणि ते फसवं २.५८ सुद्धा इथे उघडं पडतं.

दोन्ही बाजूंनी का हलवायचं, एकाच बाजूने का नाही? कारण यील्ड १ टक्क्याने उतरलं तेव्हा किंमत २.४९६८ रुपयांनी वाढली, आणि १ टक्क्याने चढलं तेव्हा फक्त २.४१७६ रुपयांनी घटली. किंमत आणि यील्डची रेघ सरळ नाही, वाकडी आहे. त्या वाकाला कन्व्हेक्सिटी म्हणतात. तू फक्त ११ टक्क्यांची किंमत काढून ताडलं असतंस तर घट २.५५ टक्के दिसली असती, आणि मग तू मला विचारलं असतंस की २.५९ तरी कुठे जुळलं. दोन्ही बाजू घेतल्या की वाक एकमेकांना बराचसा खाऊन टाकतो. आणि हो, इथे चार दशांश सोडू नकोस. विशेषतः यील्ड ०.१ टक्क्यासारखं थोडंच हलवलंस आणि किमती दोन दशांशांवर आणल्यास, तर उत्तर पुन्हा २.५८ येऊन बसेल आणि तू पहिल्यापासून सुरू करशील.

लॅपटॉप जवळ असेल तर स्प्रेडशीटला पण विचारता येतं. तारखा मी कूपनच्या दिवशीच धरल्या आहेत:

```
=MDURATION(DATE(2025,1,1),DATE(2028,1,1),8%,10%,2)
```

हे २.५८८० देतं. शेवटचा २ म्हणजे वर्षातून दोनदा कूपन. तिथे चुकून १ टाकलास तर तो वार्षिक कूपनचा बाँड समजून २.५२ देईल, आणि मशीनने दिलं म्हणून तू ते खरं मानशील. मशीन ही तपासणी असते, पुरावा नाही. पाचवी तपासणी निदान एकदा हाताने कर.

एवढ्याशा फरकाने काय होतं असं तू म्हणशील. १० कोटींचा असा रोखा कोणाकडे आहे आणि यील्ड पाव टक्क्याने चढलं असं धर. २.५८८० ने अंदाजे तोटा ६ लाख ४७ हजार. तुझ्या २.४७०४ ने ६ लाख १८ हजार. २९ हजारांचा फरक. यील्ड जास्त असेल तर फरक अजून वाढतो, कारण १ + y आणि १ + y/2 मधली दरी वाढत जाते. २ टक्क्यांच्या यील्डला दोन्ही उत्तरं जवळपास चिकटलेली असतात, आणि म्हणूनच कमी दराच्या उदाहरणात ही चूक वर्षभर लपून राहू शकते.

कुठे थांबायचं

या पाच तपासण्या साध्या बाँडसाठी आहेत: ठरलेलं कूपन, ठरलेली मुदत, कूपनच्याच तारखेला हिशेब. याच्या बाहेरचं काही दिसलं तर सूत्र घेऊन झगडत बसू नकोस.

बाँड कॉलेबल असेल, म्हणजे कंपनी तो मुदतीआधी परत घेऊ शकत असेल, तर व्याजदर उतरले की पैसे येण्याच्या तारखाच बदलू शकतात. पट्टीवरचं संत्रं मधेच अलीकडच्या खुणेवर सरकतं. मग मॅकॉले आणि मॉडिफाइड दोन्ही खोटं बोलतात, इफेक्टिव्ह ड्युरेशन लागतं, आणि त्यासाठी व्याजदरांचं मॉडेल लागतं. फ्लोटिंग रेट बाँडचं ड्युरेशन मुदतीवर नाही, तर पुढच्या रीसेटच्या तारखेवर अवलंबून असतं. दर उलटा फिरणारा इन्व्हर्स फ्लोटर असेल तर ड्युरेशन मुदतीपेक्षा जास्तही येऊ शकतं, म्हणजे माझी पहिली तपासणीच तिथे चालत नाही. असा प्रश्न आला की वही बंद करून सरळ सरांकडे जायचं. मी पण तेच करते. दोन कूपनांच्या मधल्या तारखेचा प्रश्न असेल तर साचलेलं व्याज आणि दिवस मोजायची पद्धत आधी विचारून घे. आपल्या सरकारी रोख्यांना ३०/३६० ची पद्धत लागते, बाकीच्यांना तीच असेल असं धरू नकोस.

दुसरी थांबायची जागा: पाचवी तपासणी दोनदा करूनही सूत्राचं उत्तर आणि पुन्हा काढलेल्या किमतीचं उत्तर दुसऱ्या दशांशात जुळत नसेल, तर बहुतेक किंमतच चुकली आहे किंवा प्रश्नातच काहीतरी गाळलं आहे. तिसऱ्यांदा करू नकोस. पान घेऊन डिपार्टमेंटला जा.

आणि तिसरी, जी तुला लागेल असं वाटतं. तुझे काका निवृत्तीचे पैसे लांब मुदतीच्या फंडात टाकायचे की छोट्या, असं तुला विचारत होते ना, धरमपेठेत चहा पिताना सांगत होतास ते? तिथे आपला हा तक्ता काढू नकोस. आपल्याला बाँडची संवेदनशीलता काढता येते. त्यांना पैसे कधी लागणार, कर किती बसणार, दुसरं उत्पन्न काय, हे या तक्त्यात नाही. त्यासाठी सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार असतो. काकांना त्याच्याकडे पाठव.

तुझ्या वहीत फक्त एक ओळ खोड. १.१० च्या जागी १.०५ लिही आणि पुढचे तीन प्रश्न तसेच तपास, कारण फोटोच्या कोपऱ्यात मला सतराव्या प्रश्नातही १.०८ दिसतंय आणि तो पण सहामाही कूपनचाच आहे. उद्या अकराला लायब्ररीत भेटू. कूलरसमोरचं टेबल धरून ठेव, आणि पाणी घेऊन ये, मागच्या वेळेला माझी बाटली तूच संपवलीस.